२००६ साली जन्मलेली कंपनी १९९८ पासून डायलिसिसचे फिल्टर कसे बनवते? (रिव्हर्स मर्जर आणि मूळ धंद्याचा शोध)

स्नेहल_ब

गेले दोन आठवडे एका अमेरिकन कंपनीचे वार्षिक अहवाल वाचते आहे. नाव देत नाही, कारण कंपनीबद्दल तक्रार नाही, मला फक्त कोडं सोडवायचं आहे. कंपनी छोटी आहे, ओटीसी म्हणजे मोठ्या शेअर बाजारांबाहेरच्या बाजारात तिचे शेअर चालतात आणि ती डायलिसिसचे फिल्टर बनवते.

अहवालाच्या पहिल्या पानावर लिहिलंय की कंपनीची नोंदणी नेवाडा राज्यात २००६ साली झाली. आत चौथ्या पानावर म्हणतात, "आम्ही १९९८ पासून डायलिसिसचे फिल्टर बनवतो." हिशेबातला संचित तोटा बघितला तर तो २००६ नंतर सुरू झालेल्या कंपनीचा वाटत नाही, त्याच्या बराच आधीपासून साचत आलेला दिसतो. शिवाय हिशेबाच्या टीपेत दिसतं की आधी आर्थिक वर्ष ३१ जुलैला संपायचं, आता ३१ डिसेंबरला संपतं.

कुठेतरी "रिव्हर्स मर्जर" असा शब्द एकदाच येतो, तोही हिशेबाच्या पहिल्या टीपेत, २०१० साली झाला म्हणून. म्हणजे ही कंपनी आधी दुसरंच काहीतरी करत होती असा माझा अंदाज. प्रश्न दोन आहेत. हे बदलणं नेमकं घडतं कसं? आणि २००६ ते २०१० या काळात ही कंपनी काय करत होती, ते शोधायचं कुठे?

---

अनिकेत_र

रिव्हर्स मर्जर म्हणजे पालक कंपनी स्वतःच्या उपकंपनीत विलीन होते तेच ना? त्यात करसवलतीसाठी उलटं विलीनीकरण करतात. मग १९९८ ची पालक कंपनी २००६ च्या उपकंपनीत गेली असेल, आणि मूळ धंदा आधीपासून फिल्टरचाच असेल. मला तरी यात कोडं दिसत नाही.

---

पडताळणी

अनिकेत, त्यालाही रिव्हर्स मर्जर म्हणतात, पण स्नेहलताईंचं प्रकरण वेगळं आहे. तिथे दोन्ही कंपन्या एकाच घरातल्या असतात. इथे दोघांची आधी ओळखही नसते. वर्षअखेर ३१ जुलैवरून ३१ डिसेंबरला गेलं, यावरून अंदाज येतो की हिशेब दुसऱ्याच कुणाचे बसवलेत.

मी बारा वर्षं लेखापरीक्षणात काढली आणि असे पाच-सहा व्यवहार जवळून पाहिले, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

एक कंपनी असते जिचे शेअर बाजारात नोंदलेले आहेत, पण धंदा नाही किंवा नावापुरता आहे. ही शेल. दुसरी खाजगी कंपनी, तिच्याकडे कारखाना, कामगार, गिऱ्हाईक सगळं आहे, फक्त बाजारात नोंद नाही. खाजगी कंपनीचे मालक आपले सगळे शेअर शेलला देतात आणि बदल्यात शेलचे नवे शेअर घेतात, इतके की शेलचा बहुमताचा ताबा त्यांच्याकडे येतो. कायद्याने बघाल तर शेलने खाजगी कंपनी विकत घेतली. प्रत्यक्षात खाजगी कंपनीने शेल ताब्यात घेतली. हाच तो 'रिव्हर्स'.

बऱ्याचदा शेल आधी एक रिकामी उपकंपनी काढते आणि ती उपकंपनी खाजगी कंपनीत विलीन करते. त्यामुळे खाजगी कंपनी मोडत नाही, शेलच्या पोटात जिवंत राहते. तिचे परवाने, करार, बँक खाती तिच्याच नावावर राहतात. तुमची १९९८ ची फिल्टर कंपनी आजही उपकंपनी म्हणून अस्तित्वात असणार. वार्षिक अहवालाला उपकंपन्यांची यादी जोडलेली असते, त्यात तिचं नाव बघा.

आता हिशेब. लेखाशास्त्र कायद्याचं रूप बघत नाही, ताबा कुणाकडे गेला ते बघतं. म्हणून व्यवहारानंतर जे हिशेब छापले जातात ते सगळे खाजगी कंपनीचे, मागच्या वर्षांचे सुद्धा. शेलची स्वतःची जुनी कमाई, जुना तोटा, सगळं पुसलं जातं. तुम्हाला जो जुना संचित तोटा दिसला तो फिल्टरवाल्यांचा आहे. नाव, नोंदणीची तारीख आणि सरकारी फाईल शेलची, आकडे दुसऱ्याचे. म्हणून मूळ धंदा आकड्यांत शोधायला गेलात तर कधीच सापडणार नाही. फाईलच्या मागे जायचं.

---

जुना_खातेदार

पडताळणी यांच्याशी सहमत, पण "कधीच सापडणार नाही" हे पटत नाही. ताळेबंदात गुडविल बघा. शेलसाठी जी जादा किंमत मोजली ती तिथे बसलेली असते. आणि एसईसी या अमेरिकन बाजार नियामकाच्या संकेतस्थळावर कंपनीच्या नावाखाली SIC नावाचा धंद्याचा क्रमांक असतो. तो पहिल्या नोंदणीच्या वेळी मिळतो आणि पुढे कोणी बदलत नाही. तो बघितला की मूळ धंदा एका मिनिटात कळतो. मी असे दोन-तीन पकडलेत.

---

पडताळणी

गुडविलचं बरोबर नाही. शेलकडे चालता धंदा नसेल तर लेखाशास्त्र त्याला खरेदी मानतच नाही, भांडवलाची फेरमांडणी मानतं. रिकाम्या खोक्याला गुडविल लावता येत नाही. शेलमध्ये खरोखर चालू धंदा असेल आणि तो विलीनीकरणानंतरही ठेवला असेल तरच गुडविलचा प्रश्न येतो, आणि तसं क्वचित असतं.

SIC चं अर्धं बरोबर आहे. तो क्रमांक पुष्कळ वेळा जुनाच राहतो, त्यामुळे आज औषधं बनवणाऱ्या कंपनीच्या नावापुढे खाणकाम दिसतं. पण तो बदलतोही, आणि बदलला की कंपनीच्या पानावर फक्त नवा दिसतो. तेवढ्यावर थांबलात तर तुम्ही म्हणाल, "ही पहिल्यापासून वैद्यकीय कंपनी होती." त्याऐवजी जुना कागद उघडायचा. एडगर म्हणजे एसईसीकडे दाखल झालेल्या कागदांचं ऑनलाइन भांडार, तिथे प्रत्येक कागदाची एक संपूर्ण .txt प्रत असते आणि तिच्या डोक्यावर असं काहीतरी छापलेलं असतं:

```
COMPANY CONFORMED NAME:
CENTRAL INDEX KEY:
STANDARD INDUSTRIAL CLASSIFICATION:
FISCAL YEAR END:
FORMER COMPANY:
    FORMER CONFORMED NAME:
    DATE OF NAME CHANGE:
```

हा मजकूर कागद दाखल झाला त्या दिवशीचा असतो, नंतर कोणी त्याला हात लावत नाही. २००७ चा कागद उघडलात तर २००७ चं नाव आणि २००७ चा क्रमांक मिळेल. तिथे 6770 दिसला तर समजायचं की ती सुरुवातीपासूनच 'ब्लँक चेक' म्हणून नोंदलेली होती, म्हणजे धंदा शोधण्यासाठीच काढलेली.

स्नेहलताई, तुम्ही या क्रमाने जा. एडगरवर कंपनीचं पान उघडा, तिथे CIK हा कंपनीचा नोंद-क्रमांक दिसेल. नाव कितीही वेळा बदललं तरी तो क्रमांक सहसा तोच राहतो. त्याखाली `formerly:` अशी ओळ असेल, त्यात जुनी नावं आणि प्रत्येक नाव कोणत्या तारखेपर्यंत चाललं ते असतं. मग कागदांच्या यादीच्या तळाशी जाऊन सगळ्यात जुना कागद उघडा. शेअर पहिल्यांदा नोंदवायचा नेहमीचा फॉर्म S-1, पण तुमच्या कंपनीच्या काळात तो S-1 नसून SB-2 असायची शक्यता जास्त. छोट्या कंपन्यांसाठी तो वेगळा फॉर्म होता, २००८ पासून मोडीत निघाला. S-1 शोधत बसाल आणि हाती काही लागणार नाही.

त्यानंतर २०१० च्या आसपासचा एक जाडजूड 8-K शोधा, 8-K म्हणजे मोठी घडामोड कळवणारा कागद. इतर 8-K दोन-तीन पानांचे असतात, हा शंभर-दीडशे पानांचा असेल. २००५ पासून नियम असा आहे की शेलने शेलपण सोडलं की चार कामकाजाच्या दिवसांत नव्या धंद्याची संपूर्ण माहिती, लेखापरीक्षित हिशेबासकट, द्यायची. त्यात `Item 5.06` हे कलम असतं, शेलचा दर्जा बदलल्याचं. त्या दिवशी काय काय हललं ते सगळं त्या एका कागदात आहे.

---

रेवती_मा

माझा प्रश्न थोडा वेगळा आहे, पण इथेच विचारते. आत्याच्या कपाटात १९८१ सालचं एका अमेरिकन खाण-शोध कंपनीचं कागदी शेअर प्रमाणपत्र सापडलं. दोन हजार शेअर. एडगरवर ते नाव घातलं तर काहीच येत नाही. ती कंपनी बुडाली असं समजायचं, की अशीच दुसऱ्या कुणाच्या पोटात गेली असेल?

---

पडताळणी

रेवतीताई, नाव न सापडणं म्हणजे बुडणं नव्हे. एडगरवर कागद दाखल करणं १९९३ पासून टप्प्याटप्प्याने सुरू झालं आणि १९९६ च्या मे महिन्यापासून सगळ्या देशी कंपन्यांना सक्तीचं झालं. तुमच्या कंपनीने त्याआधी नाव बदललं असेल तर एडगरला जुनं नाव माहीतच नाही.

प्रमाणपत्रावर दोन गोष्टी बघा. कोणत्या राज्यात नोंदणी आहे ते, आणि हस्तांतरण करणाऱ्या एजंटाचं नाव. त्या राज्याच्या नोंदणी कार्यालयाकडे नावबदलाची आणि विलीनीकरणाची कागदपत्रं असतात, ती मागवता येतात. प्रमाणपत्राच्या कोपऱ्यात नऊ अक्षरांचा CUSIP क्रमांक असेल तर तोही टिपून ठेवा, जुन्या क्रमांकावरून पुढचं नाव शोधून देणारे लोक आहेत.

आशा किती ठेवावी ते सांगतो. खाण-शोध कंपन्या शेल होताना जुने शेअर आटवतात, शंभराचा एक, कधी हजाराचा एक. दोन हजारांचे दोन झालेले मी पाहिले आहेत.

---

वाटसरू

एडगरच्या आधीचं एक उदाहरण देतो, कारण त्यात हा सगळा प्रकार फार स्वच्छ दिसतो. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स. ही कंपनी न्यूयॉर्क शेअर बाजारात १९५३ साली आली ती स्वतःचे शेअर विकायला काढून नाही. इंटरकॉन्टिनेंटल रबर कंपनी नावाची एक जवळजवळ निपचित पडलेली, पण बाजारात नोंद असलेली कंपनी होती, तिच्याशी विलीन होऊन आली.

आता त्या रबर कंपनीचा मूळ धंदा काय? मेक्सिकोच्या उत्तरेकडच्या वाळवंटी भागात ग्वायुले नावाचं झुडूप उगवतं, त्यापासून रबर काढणं. रबराच्या झाडाला चीर दिली की चीक गळतो, तसं याचं नाही. याचं रबर खोडाच्या आणि मुळांच्या पेशींतच असतं, म्हणून अख्खं झुडूप उपटून, दळून रबर काढावं लागतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या कंपनीने मेक्सिकोतल्या तोरेऑनला त्याचा कारखाना उभारला. नंतर कॅलिफोर्नियातल्या सलिनासला झुडपाची लागवड केली. दुसऱ्या महायुद्धात जपानने आग्नेय आशियातले रबराचे मळे घेतले, तेव्हा अमेरिकन सरकारने १९४२ मध्ये सलिनासची मालमत्ता विकत घेतली. दहा-अकरा वर्षांनी उरली होती ती बाजारातली जागा, आणि तीच टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सला हवी होती.

हे सगळं मला टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या बाजूने शोधताना मिळालं नाही. तिथे इतिहास १९३० पासून सुरू होतो, भूकंपलहरींनी तेलाचे साठे शोधणाऱ्या जिओफिजिकल सर्व्हिस या कंपनीपासून. रबर कंपनीचं नाव घेऊन शोधलं तेव्हा झुडूप सापडलं. त्या काळासाठी कंपन्यांची माहिती देणाऱ्या मूडीजच्या जाड वार्षिक खंडांना पर्याय नाही, मोठ्या ग्रंथालयांत ते असतात.

---

जुना_खातेदार

मग 'मूळ धंदा' कोणता म्हणायचा? माझ्या मते तेलशोध हाच टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा मूळ धंदा. माणसं तीच, कौशल्य तेच. रबर हा फक्त दरवाजा. हिशेबनीस सुद्धा तेच म्हणतात असं पडताळणी यांनीच वर लिहिलंय.

---

वाटसरू

माणसांच्या बाजूने बघितलं तर तुमचं बरोबर. पण १९४० साली ज्याने रबर कंपनीचे शेअर घेतले आणि विकलेच नाहीत, त्याला काय सांगाल? त्याच्यासाठी एकच सलग मालकी आहे आणि तिची सुरुवात ग्वायुलेपासून होते. रेवतीताईंचं प्रमाणपत्रही त्याच बाजूचं आहे. मी 'मूळ' म्हणताना त्या शेअरची वंशावळ धरतो.

आणि एकदाच बदल होतो असंही नाही. आज बिटकॉइन खाणकामासाठी ओळखली जाणारी मॅरेथॉन घ्या. २०१० साली नेवाडात व्हर्व्ह व्हेंचर्स या नावाने नोंदणी. २०११ च्या डिसेंबरात अमेरिकन स्ट्रॅटेजिक मिनरल्स, म्हणजे युरेनियम आणि व्हॅनेडियमचा शोध. २०१२ च्या मध्यावर ते सोडून दक्षिण कॅलिफोर्नियात घरं-जागा. त्याच वर्षाच्या अखेरीस पेटंटचे हक्क विकत घेऊन परवाने देणं, त्यावरून मॅरेथॉन पेटंट ग्रुप. मग बिटकॉइन, २०२१ मध्ये मॅरेथॉन डिजिटल होल्डिंग्ज, आणि २०२४ पासून मारा होल्डिंग्ज. यातला प्रत्येक बदल रिव्हर्स मर्जरनेच झाला असं नाही, काही वेळा संचालक मंडळाने नुसता धंदा बदलला. म्हणून एक जुनं नाव सापडलं की तिथे थांबू नये, त्याच्याही मागे काही आहे का ते बघावं.

---

जुना_खातेदार

शेअरची वंशावळ हे पटलं. पण अहवालात "आम्ही १९९८ पासून" लिहिणारी कंपनी खोटं बोलते असं मात्र मी म्हणणार नाही.

---

स्नेहल_ब

सापडलं! दोन रात्री लागल्या. सगळं लिहिते, कुठे चुकत असेन तर सांगा.

`formerly:` मध्ये एकच जुनं नाव होतं. सगळ्यात जुना कागद खरंच SB-2 निघाला, जानेवारी २००७ चा. धंदा काय होता माहीत आहे? शिकाऊ वैमानिकांना वापरलेले हेडसेट विकणारं संकेतस्थळ. एक संचालक, तोच अध्यक्ष, तोच खजिनदार, आठवड्याला दहा तास देणार असं लिहिलेलं. कामगार शून्य. त्याने स्वतः ३५ लाख शेअर दहा शेअरला एक सेंट या भावाने घेतले, म्हणजे ३,५०० डॉलर. आणखी ३२ जणांनी मिळून १५ लाख शेअर २ सेंटने घेतले, ३०,००० डॉलर. त्या ३२ जणांना आपले शेअर बाजारात विकता यावेत, एवढ्यासाठीच ती नोंदणी होती.

पुढच्या तीन वर्षांच्या अहवालांत विक्री अशी जवळजवळ नाहीच. एका वर्षी चार हेडसेट विकले, ६१० डॉलर.

मग जून २०१०. मे महिन्यात एका शेअरचे बारा केले, म्हणजे ५० लाखांचे ६ कोटी झाले. जूनमध्ये तो जाडा 8-K, १४२ पानांचा. संचालकाने आपले ४ कोटी २० लाख शेअर परत दिले आणि ते रद्द झाले. बदल्यात त्याला काय मिळालं? ते संकेतस्थळ आणि उरलेले हेडसेट. त्याच दिवशी फिल्टर कंपनीच्या मालकांना ४ कोटी २० लाख नवे शेअर दिले. एकूण पुन्हा ६ कोटीच. त्यांचे ७० टक्के, उरलेले ३० टक्के त्या ३२ जणांचे.

पडताळणी, तुम्ही म्हणालात आकड्यांत सापडणार नाही. पण भागभांडवलाच्या तक्त्यात मला एक ओळ दिसली, "फेरमांडणी" अशा अर्थाची. १ कोटी ८० लाख शेअर आणि त्यापुढे रक्कम वजा ४१,३०० डॉलर. ही शेलच ना?

---

पडताळणी

हो, तीच. मी "कधीच" म्हणालो ते जास्त झालं. जुना_खातेदार, तुमची शंका रास्त होती, फक्त जागा गुडविलची नव्हती.

ती ओळ नीट बघा, फार बोलकी आहे. हिशेबात फिल्टरवाल्यांचे ४ कोटी २० लाख शेअर जणू पहिल्या दिवसापासून अस्तित्वात होते असं दाखवतात. आणि शेलच्या जुन्या भागधारकांचे १ कोटी ८० लाख शेअर त्या एका दिवशी 'दिले' असं दाखवतात, जरी प्रत्यक्षात ते २००७ पासून त्यांच्या हातात होते. त्या शेअरांच्या बदल्यात फिल्टर कंपनीला काय आलं? शेलकडे जे होतं ते. म्हणजे थोडी रोकड आणि वकील-लेखापरीक्षकांची थकलेली बिलं. बेरीज वजा ४१,३०० डॉलर. चार वर्षांचा हेडसेटचा धंदा त्या एका ओळीत आटून बसला आहे.

संचालकाने संकेतस्थळ परत घेणं हाही नेहमीचा भाग आहे. नव्या मालकांना हेडसेटचं काही देणं-घेणं नको असतं. म्हणून जुना धंदा त्याच दिवशी जुन्या माणसाला देऊन टाकतात. मूळ धंद्याचं पुढे काय झालं हे कंपनीच्या फाईलमध्ये सापडत नाही ते यामुळेच, तो दाराबाहेर गेलेला असतो.

आता तुम्ही न विचारलेलं सांगतो, कारण माझ्या मते या प्रकरणातली सगळ्यात महत्त्वाची जागा ती आहे. त्या ३२ जणांनी १५ लाख शेअरांसाठी ३०,००० डॉलर दिले होते. आता त्यांच्याकडे १ कोटी ८० लाख शेअर आहेत, आणि ते बाजारात विकायला मोकळे आहेत. फिल्टरवाल्यांचे शेअर अडकलेले असतात, शेलमधून मिळालेले शेअर त्या जाड्या 8-K नंतर किमान एक वर्ष, नोंदणीशिवाय विकण्याची जी नेहमीची सवलत असते तिच्याखाली विकता येत नाहीत. म्हणजे पहिलं वर्षभर बाजारात जी काही विक्री होईल ती मुख्यतः त्या ३२ जणांची. भाव एक डॉलर झाला तर ३०,००० चे एक कोटी ऐंशी लाख डॉलर. ते ३२ जण खरोखर बत्तीस वेगवेगळी माणसं होती का, हे मी आधी बघेन. जून २०१० नंतरच्या वर्षात उलाढाल आणि भाव कसे चालले तेही बघा.

---

अनिकेत_र

पहिल्या प्रतिसादात मी घाईने लिहिलं. आता वाचून प्रश्न पडला. मोठे बाजार हे चालवून कसं घेतात? फिल्टरवाले दुसऱ्या दिवशी नॅसडॅकवर जाऊ शकतात?

---

पडताळणी

पूर्वी लवकर जायचे. अमेरिकन लेखापरीक्षण नियामकाने मोजलं होतं, २००७ च्या सुरुवातीपासून मार्च २०१० पर्यंत १५९ चिनी कंपन्या याच वाटेने अमेरिकन बाजारात आल्या. त्यातल्या काहींचे हिशेब खोटे निघाले. त्यानंतर नोव्हेंबर २०११ मध्ये मोठ्या बाजारांनी नियम केला की रिव्हर्स मर्जर झालेल्या कंपनीने आधी एक वर्ष ओटीसीवर किंवा दुसऱ्या बाजारात काढायचं आणि ठरावीक भाव टिकवून दाखवायचा, मगच अर्ज. स्नेहलताईंची कंपनी ओटीसीवरच राहिली, त्यामुळे तिला हा नियम लागलाच नाही.

---

वाटसरू

शोधणाऱ्यांसाठी एक धोका लिहायचा राहिला. CIK तोच राहतो हे बहुतेक वेळा खरं, नेहमी नाही. शेल एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाताना किंवा वर नवी होल्डिंग कंपनी बसवताना कधी नवीन CIK मिळतो. मग नव्या फाईलचा सगळ्यात जुना कागद हा खरा जुना नसतो. ओळखायची खूण अशी, की तो जुना कागद SB-2 किंवा S-1 नसतो, `8-K12G3` किंवा `8-K12B` अशा नावाचा असतो. आधीच्या कंपनीचा वारस म्हणून दाखल केलेला. तो दिसला की त्यात पूर्वीच्या कंपनीचं नाव वाचायचं आणि तिची वेगळी फाईल उघडायची.

आणि २००५ च्या आधीचा व्यवहार असेल तर एकच जाडा 8-K मिळणार नाही. तेव्हा हिशेब द्यायला दोन महिन्यांहून जास्त मुदत असायची, त्यामुळे पुढच्या महिन्यांतले `8-K/A`, म्हणजे त्याच 8-K च्या सुधारित आवृत्त्या, पण बघाव्या लागतात.

---

रेवती_मा

प्रमाणपत्र पुन्हा पाहिलं. नोंदणी युटा राज्याची आहे. CUSIP क्रमांक आहे, पण एजंटाच्या नावावर शिक्का पडलाय, अर्धंच वाचता येतं. युटाच्या कार्यालयाला लिहिलं आहे. उत्तर आलं की इथेच लिहीन.

---

स्नेहल_ब

पडताळणींनी सांगितलं म्हणून ३२ जणांचा तक्ता उघडला. SB-2 मध्ये प्रत्येकाचं नाव आणि शेअर छापलेले आहेत. कोणाचेच ६० हजारांहून जास्त नाहीत, बहुतेकांचे ४५ किंवा ५० हजार. इतके सारखे आकडे बघून विचित्र वाटलं. पत्ते नाहीत, त्यामुळे ही माणसं कुठली ते कळत नाही.

मग एडगरच्या मजकूर-शोधात, जो २००१ पासूनचे कागद बघतो, SB-2 मधलं एक लांब वाक्य अवतरणात घालून टाकलं. संचालक आठवड्याला दहा तास देणार आणि त्याला या धंद्याचा पूर्वानुभव नाही, असं ते वाक्य. त्याच शब्दांत दोन आणखी SB-2 आले, दोन्ही २००७ चे. एक कंपनी घरगुती मधमाशीपालनाची उपकरणं विकणार होती, दुसरी लग्नाच्या फोटोंचे अल्बम बांधून देणार होती. वकील तिन्हीकडे तोच.

हे तेवढ्यावरून काही सिद्ध करत नाही हे मला कळतं. वकील आपला मसुदा पुन्हा वापरणारच. पण तिन्ही तक्ते शेजारी ठेवून बघितले. मधमाश्यांच्या कंपनीच्या ३६ जणांत आणि माझ्या ३२ जणांत अकरा नावं तीच आहेत. अल्बमवाल्या कंपनीत त्यातली आठ.

---

पडताळणी

त्या दोन कंपन्यांचे CIK इथे टाका. त्यांचा जाडा 8-K कधी आला आणि आत कोण आलं ते आज रात्री बघतो.